नऊ महिन्यांची लस: कधी न्यायचं, सोबत काय घ्यायचं, नंतर काय पाहायचं

बाळाला नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस मिळतो, त्याआधी नाही. 12 जानेवारीला जन्मलेलं बाळ 12 ऑक्टोबरला पात्र होतं. त्यानंतर अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात जे पहिलं लसीकरण सत्र असेल, तीच तुमची तारीख. ती आशाताईंना आधीच विचारून ठेवा. तेव्हा कापूस वेचणी सुरू असते, त्यामुळे वावरात जायच्या आधी सकाळीच बाळाला घेऊन या. गोवर-रुबेलाची कुपी एकदा कालवली की चार तासांतच वापरावी लागते, उरलेली टाकून द्यावी लागते. दुपार टळल्यावर आलात तर परत जावं लागू शकतं.

सोबत माता-बाल संरक्षण कार्ड आणि नोंदीला दिलेला मोबाइल आणा. कार्ड हरवलं असेल तरी या. सिस्टरच्या नोंदवहीवरून आधीचे डोस शोधता येतात. आधार नाही म्हणून लस थांबत नाही. माहेरी किंवा कामाच्या गावी असाल तर तिथल्याच सत्रात घ्या, सरकारी लस मोफत आहे. मधला एखादा डोस चुकला असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेलाच देतात. साधी सर्दी-खोकला असला तरी लस चालते. मात्र आधीच्या लसीनंतर झटका आला असेल किंवा अंगभर सूज आली असेल, तर टोचण्याआधीच सांगा.

या भेटीत दोन्ही दंडांवर आणि मांडीवर सुया असतात, शिवाय ‘अ’ जीवनसत्त्वाचा 1 मिली डोस तोंडाने देतात. नंतर अर्धा तास तिथेच बसा. टोचलेली जागा चोळू नका, तिच्यावर हळद-चुना लावू नका. सूज असेल तर गार पाण्याची स्वच्छ पट्टी ठेवा.

पहिल्या एक-दोन दिवसांत ताप येऊ शकतो. गोवर-रुबेलाचा ताप मात्र उशिरा, साधारण सातव्या ते बाराव्या दिवशी येतो, कधी अंगावर बारीक पुरळही उठतं. तोवर लसीची आठवण राहत नाही आणि घरचे घाबरतात. हे सहसा दोन-तीन दिवसांत आपोआप ओसरतं.

पॅरासिटामॉल देताना बाटली नीट वाचा. सर्वाधिक चूक इथेच होते. थेंबांच्या बाटलीत बहुधा 1 मिलीत 100 मिलिग्रॅम औषध असतं, पातळ औषधात 5 मिलीत 120 किंवा 125. आठ किलोच्या बाळाला एका वेळी 120 मिलिग्रॅमपर्यंत पुरतं. थेंबांची बाटली चमच्याने 5 मिली पाजली तर तब्बल 500 मिलिग्रॅम जातं! म्हणून मात्रा सिस्टरकडूनच कार्डावर लिहून घ्या.

लसीनंतर काही तासांतच जोराचा ताप, उलट्या आणि जुलाब सुरू झाले, झटका आला, श्वास अडकला किंवा बाळ दूध ओढेना, तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा आणि कार्ड सोबत ठेवा.