पट्टीमागचं वजन: घरच्या सरावासाठी डिजिटल पियानो निवडताना

पेटीची पट्टी हळू दाबा किंवा जोरात, सूर तेवढाच येतो. पट्टी फक्त हवेची वाट उघडते. आवाज लहानमोठा करायचं काम भाता करतो आणि पट्टी परत वर आणायला एक स्प्रिंग पुरते. पियानोला भाता नाही. तिथे आवाजाचा लहानमोठेपणा सगळा बोटातून येतो, पट्टी किती वेगानं खाली नेली यावरून. गोव्यात भजनाच्या पेटीवर हात बसलेली बरीच मुलं पुढे पाश्चात्त्य संगीताच्या वर्गाला जातात, आणि घरी सरावाला काय घ्यायचं हा प्रश्न पालकांसमोर येतो. दुकानात दोन वाद्यं शेजारी असतात. एक ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड, दुसरा ८८ पट्ट्यांचा, उचलायला जड डिजिटल पियानो. दोघांवरही ‘टच सेन्सिटिव्ह’ लिहिलेलं असतं, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो.

टच सेन्सिटिव्ह याचा अर्थ एवढाच की वाद्य पट्टीचा वेग मोजतं. पट्टीखाली साधारणपणे दोन संपर्क असतात, एक थोडा वर, एक थोडा खाली. पहिला जुळल्यापासून दुसरा जुळेपर्यंत किती वेळ गेला ते बघून वाद्य १ ते १२७ मधला एक आकडा ठरवतं, आणि त्यावरून सुराचा आवाज आणि पोत निवडला जातो. ही मोजणी दोन्ही वाद्यांत आहे. बोटाला समोरून काय विरोध होतो, हा वेगळा प्रश्न आहे, आणि खरा फरक तिथेच आहे.

अकूस्टिक, म्हणजे तारांच्या खऱ्या पियानोत पट्टी ही तरफ असते. पुढून ती साधारण १० मिलिमीटर खाली जाते, तेवढ्यात आतली नमदा लावलेली हातोडी तारेकडे जवळपास पाचपट अंतर जाते. तारेला भिडण्याच्या जरा आधी ती पट्टीपासून सुटते आणि उरलेलं अंतर स्वतःच्या वेगानं पार करते. हातोडीचं डोकं नऊएक ग्रॅमचं धरा. वजन कमी वाटतं, पण ते बोटाच्या पाचपट वेगानं हलवायचं असल्यानं बोटाला त्याचा जडपणा पाचाच्या वर्गानं, म्हणजे २५ पटींनी जाणवतो. बोटासमोर जणू सव्वादोनशे ग्रॅमचा ठोकळा ढकलायला ठेवलेला असतो.

आता हिशेब करू. मृदू वाजवताना पट्टी तळाला जायला समजा सेकंदाचा दहावा भाग लागला. ठोकळ्याला तेवढा वेग द्यायला साधारण ४५ ग्रॅम वजनाइतका जोर लागतो. पट्टी नुसती खाली नेण्यासाठीचे पन्नासेक ग्रॅम त्यात मिळवले, की शंभराच्या आसपास होतात. तीच पट्टी जोरात, सेकंदाच्या चाळीसाव्या भागात खाली नेली, तर वेळ चौपट कमी आणि जोर सोळापट, म्हणजे सातशेहून जास्त ग्रॅम. एकूण साडेसातशेच्या पुढे. हिशेब ढोबळ आहे, प्रत्यक्षात प्रवेग एकसारखा नसतो, पण प्रमाण हेच राहतं. खऱ्या पियानोवर मृदू आणि दणदणीत यांत बोटाला सातआठपट फरक कळतो.

डिजिटल पियानोत तार नसते, पण पट्टीमागे हातोडीसारखं वजन बसवलेलं असतं. हलक्या कीबोर्डच्या स्प्रिंगच्या पट्टीत ही हातोडी नाही. आत हलवायला असतं ते पट्टीचंच थोडं प्लास्टिक. स्प्रिंगचा विरोध पट्टी किती खाली गेली यावर ठरतो, किती वेगानं गेली यावर नाही. त्यामुळे बोटानं जरासा जास्त जोर दिला की वेग एकदम वाढतो आणि आकडा ५० वरून ८० वर उडी मारतो. हात जडपणाच्या आधारानं आवाज तोलायला शिकतो, आणि इथे तो आधारच नसतो.

याचा परिणाम कसा दिसतो? फोंड्याची एक मुलगी घरी हलक्या कीबोर्डवर सराव करते आणि आठवड्यातून एकदा मडगावला शिक्षकांच्या अपराइट पियानोवर वाजवते, असं धरू. घरी मृदू वाजणारी ओळ तिथे मधूनमधून गायब होते. तिनं पट्टी पूर्ण दाबलेली असते, पण इतक्या सावकाश की सुटलेली हातोडी तारेपर्यंत पोचतच नाही. करंगळी आणि अनामिकेचे सूर आधी बुडतात. जोरात वाजवायच्या जागी ती मनगट आवळून ढकलते आणि दोन पानांत हात दुखायला लागतो. घरी तासन्‌तास केलेल्या सरावात तिची बोटं चुकीच्या विरोधाला सरावलेली असतात. अशा वेळी शिक्षक ‘सराव कमी पडतो’ म्हणतात, ते मला अन्यायाचं वाटतं.

म्हणून दुकानात पाच रुपयांची, २०१९ च्या आधीची पिवळी नाणी घेऊन जा. हे नाणं सहा ग्रॅमचं असतं आणि पांढऱ्या पट्टीच्या रुंदीत बसतं. वाद्य बंद ठेवा. साधारण मधोमध असलेल्या ‘मिडल सी’च्या पट्टीवर पुढच्या कडेला लागून एकावर एक नाणी हलकेच रचत जा. मागे हातोडीचं वजन असेल तर आठनऊ नाण्यांवर पट्टी हलू लागते, आणि एकदा हलली की तेवढ्याच नाण्यांवर संथपणे खाली उतरते. फक्त तळाशी संपर्काच्या रबरावर किंचित अडखळेल. स्प्रिंग असेल तर पट्टी थोडी खाली जाऊन थांबते. आणखी एक नाणं ठेवलं की आणखी थोडी. स्प्रिंग दबेल तसा विरोध वाढतो, म्हणून असं होतं. ‘सेमी वेटेड’ लिहिलेल्या पुष्कळ वाद्यांत स्प्रिंगच जरा कडक केलेली असते, ती इथे सापडते.

मग तीच पट्टी काळ्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत, दहा सेंटिमीटर आत बोटानं दाबून बघा. तरफेचा टेकू पुढच्या टोकापासून वीस सेंटिमीटरवर असेल तर इथे जवळजवळ दुप्पट जोर लागेल. अंगठा काळ्या पट्ट्यांमध्ये न्यावा लागतो तिथे हेच बोटाला जड जातं. टेकू जितका मागे, तितका हा फरक कमी. स्वस्त डिजिटल पियानोंचा खरा कमकुवतपणा बहुधा हाच असतो.

विक्रेता सेटिंगमध्ये जाऊन ‘टच: हेवी’ करून दाखवतो, त्याला भुलू नका. त्यानं कुठल्या वेगाला किती आवाज एवढंच बदलतं. पट्टी होती तेवढीच जड राहते.

स्प्रिंगच्या पट्ट्या टाकाऊ आहेत असं मात्र नाही. तियात्राच्या बँडला किंवा चर्चमधल्या गायनाला साथ करताना ऑर्गनचा सूर हवा असतो. तिथे वेगाचा आवाजाशी संबंध नसतो, बोटं झरझर फिरवायची असतात आणि वाद्य स्कूटरवरून न्यायचं असतं. त्यासाठी हलका कीबोर्डच बरा. पण पियानोच्या परीक्षेची तयारी करायची असेल तर माझं मत ठाम आहे. दोनशे रेडीमेड आवाजांपेक्षा हातोडीच्या पट्ट्यांचं साधं वाद्य घ्या, त्यात चारच आवाज असले तरी चालतील. बजेट पुरत नसेल तर वापरलेलं घ्या.

वापरलेलं घेताना गोव्याच्या पावसाळी, खारट हवेचा विचार करा. पट्ट्यांखालच्या रबरी संपर्कांवर धूळ किंवा ओलसर थर बसला की दोन संपर्कांमधल्या वेळेची मोजणी चुकते. सगळ्या ८८ पट्ट्या एकेक करून, एकाच मृदू जोरानं वाजवा. एखादी मधेच ओरडली किंवा मुकी राहिली तर बहुतेक वेळा संपर्क साफ करून भागतं. दाबल्यावर एखादी पट्टी शेजारणीपेक्षा खाली बसत असेल किंवा खट्ट वाजत असेल, तर आतला नमदा झिजला आहे किंवा वजनाची तरफ तुटली आहे. त्या दुरुस्तीसाठी पूर्ण वाद्य उघडावं लागतं, तेव्हा किंमत त्या हिशेबानं बोला.