आहेर न स्वीकारणे (विवाहाचा स्वागत समारंभ)

लग्नाच्या स्वागत समारंभात पाहुण्यांनी दिलेली रोख रक्कम, पाकिटे व भेटवस्तू वधूवरांनी आणि त्यांच्या घरच्यांनी न घेता, त्यांचे मनापासून आभार मानून केवळ आशीर्वाद मागण्याच्या प्रथेला महाराष्ट्रात सर्वसाधारणपणे 'आहेर न स्वीकारणे' असे म्हटले जाते. हुंडा नाकारणे हा याहून वेगळा विषय आहे. हुंडा एक पक्ष दुसऱ्या पक्षाकडून मागतो, तर आहेर आलेला पाहुणा आपण होऊन आणतो, आणि म्हणूनच तो नाकारणे अधिक नाजूक ठरते.

ही नाजूकता आहेराच्या वहीत दिसते. मांडवात किंवा कार्यालयाच्या दाराशी घरचा एखादा विश्वासू माणूस वही घेऊन बसतो आणि नाव, गाव व रक्कम लिहून घेतो. शकुन म्हणून रकमेवर एक रुपया वाढवून १०१, ५०१ असे आकडे धरले जातात, आणि बाजारातल्या पाकिटांवर त्यासाठी रुपयाचे नाणे आधीच चिकटवलेले असते. पुढे त्या पाहुण्याच्या घरी कार्य निघाले की वही उघडली जाते आणि तेवढा किंवा थोडा अधिक आहेर केला जातो, ज्याला 'आहेर फेडणे' म्हणतात. त्यामुळे स्वतःच्या मुलीच्या लग्नात ज्याने या घराकडून ५०१ रुपये घेतले आहेत, तो गृहस्थ पाकीट घेऊन येतो तेव्हा त्याच्या मनात भेटीपेक्षा परतफेडीचा भाव असतो. पाकीट परत मिळाले की तो ओशाळतो, कारण त्याच्या हिशेबी ऋण अंगावरच राहते. माझ्या मते, नकाराला येणाऱ्या विरोधाचे हेच खरे कारण आहे आणि उत्तरही याच जागी द्यावे लागते. 'तुम्ही आलात, फिट्टंफाट झाली' असे वडीलधाऱ्यांपैकी कोणी मोकळेपणाने म्हटले, तर पाहुणा सुटतो.

नकाराची सुरुवात पत्रिकेपासून होते. 'आपले शुभाशीर्वाद हाच आमचा आहेर' एवढीच ओळ छापली, तर पुष्कळ जण ती रीतीची समजून पाकीट आणतात. तिच्याबरोबर 'कृपया कोणत्याही स्वरूपात आहेर आणू नये' असे स्पष्ट लिहावे लागते, आणि दोन्ही पक्षांच्या पत्रिका वेगळ्या असतील तर ती दोन्हींत असावी लागते. तरीही मुहूर्त आणि कार्यालयाचा पत्ता पाहून पत्रिका बाजूला ठेवणारे बरेच असतात, म्हणून आमंत्रणाला गेलेल्या माणसाने ते तोंडी सांगणे अधिक उपयोगी पडते.

खरी कसोटी व्यासपीठावर लागते. पाहुणा हात मिळवताना पाकीट तळहातात सरकवतो आणि मागे रांग असल्याने बोलायला वेळ नसतो. वधूवर आधीपासूनच हात जोडून उभे असतील, तर पाकीट द्यायला मोकळा हातच सापडत नाही. तरी एखाद्या आजी नमस्कारासाठी वाकलेल्या नातसुनेच्या मुठीत शंभराची घडी केलेली नोट कोंबतात. अशा वेळी त्यांचा हात दोन्ही हातांत धरून, नोट त्याच हातात मिटवून, 'आजी, हा हात डोक्यावर ठेवा, मला एवढंच हवंय' असे म्हटले, तर त्या रागावत नाहीत. नोट दोन बोटांत धरून पुढे केली, तर मात्र तोच नकार अपमान वाटतो. पायऱ्यांशी उभ्या असलेल्या भावाने किंवा करवलीने रांगेतल्यांना आधीच हळू आवाजात सांगितले, तर हा प्रसंग क्वचितच येतो.

नियम सर्वांना सारखा नसेल, तर तो टिकत नाही. एकाचे पाकीट घेतलेले रांगेतल्या मागच्याने पाहिले की त्याला आपलेच परत केल्यासारखे वाटते. मामाचा आहेर व अगदी जवळच्यांची साडीचोळी मात्र अनेक घरांत विधीचा भाग म्हणून घेतली जाते. तसे असेल तर ती लग्नाआधीच घरी, केळवणाला किंवा ग्रहमखाच्या वेळी उरकावी. आहेर बंद केला की उलट आहेराचे टॉवेल, टोपी आणि खणही बंद करावे लागतात, नाहीतर घेणाऱ्याच्या अंगावर नवे ऋण चढते.

'आहेराऐवजी देणगी द्या' म्हणून ठेवलेली पेटी या प्रथेत मोडत नाही. हेतू चांगला असला तरी पाहुण्याच्या खिशात हात जातोच, आणि किती टाकायचे ही चिंताही तशीच राहते.

इतके करूनही दोन-चार पाकिटे खुर्चीवर किंवा पुष्पगुच्छात दडवलेली सापडतात. पाकिटावर नाव असल्यास ते न उघडता, आठवड्याभरात पेढे घेऊन नवदाम्पत्याने त्या घरी जावे, पाया पडावे आणि पाकीट देवापाशी ठेवून यावे, असा काही घरांचा शिरस्ता आहे.