टिक विकार आणि टुरेट सिंड्रोम

टिक म्हणजे अचानक, झटक्यासरशी आणि पुन्हा पुन्हा होणारी हालचाल किंवा निघणारा आवाज: डोळे मिचकावणे, मान झटकणे, खाकरणे, नाक ओढणे. वयाच्या १८ वर्षांआधी सुरुवात झाली असेल, हालचालींच्या किमान दोन आणि आवाजाची किमान एक टिक असेल आणि पहिल्या टिकपासून वर्ष उलटूनही त्रास कमी-जास्त होत चालू असेल, तर त्याला टुरेट सिंड्रोम म्हणतात. हे नाव फ्रेंच वैद्य जॉर्ज जिल द ला टुरेट यांच्या १८८५ मधील वर्णनावरून पडले. तोंडून शिव्या निघणे हे त्याचे लक्षण म्हणून गाजले असले, तरी ते थोड्याच रुग्णांत दिसते.

ठाण्याच्या नौपाड्यातला एक शाळकरी मुलगा उदाहरणादाखल घेऊ. सहाव्या वर्षी तो डोळे मिचकावू लागतो आणि घरचे चष्म्याचा नंबर तपासून घेतात. काही महिन्यांनी मिचकावणे थांबते आणि खाकरणे सुरू होते. आता ॲलर्जीची औषधे. मग मान झटकणे. टिकची जागा अशी बदलते आणि जोरही ओसरतो, वाढतो. नखे खाण्यासारखी सवय सहसा एकाच रूपात राहते. बाळपणापासूनचे आनंदात हात फडफडवणे तालात चालते, मुलाला हवेसे वाटते आणि हाक मारली की थांबते.

खरा फरक मात्र आतून कळतो. दहाव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा सांगू लागतो, "मानेच्या उजव्या बाजूला काहीतरी आवळत जातं. झटकली की सुटतं, पण नीट बसली नाही तर परत झटकावी लागते." ही टिकपूर्व उबळ. ती खाज, दाब, ताण किंवा अस्वस्थता अशा रूपांत जाणवते आणि टिक होताच थोडा वेळ निवते. पापणी न लवता एकटक पाहत राहिल्यावर डोळ्यांत जे साचत जाते, त्यावरून तिची थोडी कल्पना येते. लहान मुलांना ती बहुधा सांगता येत नाही. काहींना जाणवतही नाही.

उबळ काही काळ दाबता येते, आणि सगळा गैरसमज इथेच होतो. मुलगा वर्गात कसाबसा आवरतो, घरी आल्यावर झटके सुरू होतात. "शाळेत जमतं, मग घरी मुद्दाम करतो," असे म्हणून त्याला ओरडा बसतो. हा त्याच्यावर अन्याय आहे, कारण आवरताना त्याचे लक्ष फळ्यावर नसून मानेवर असते.

सवय-उलटवणी उपचार याच उबळीवर उभा आहे. उबळ येताच मुलगा हनुवटी किंचित खाली घेतो, मानेचे स्नायू हलके ताणून ठेवतो आणि संथ श्वास घेत राहतो, निदान एक मिनिट किंवा उबळ ओसरेपर्यंत. टिक न करताही उबळ उतरते, हे शरीराला हळूहळू कळते. ज्याला उबळ ओळखता येत नाही, त्याला आधी टिकची चाहूल घ्यायला शिकवावे लागते. टिकमुळे दुखापत होत असेल किंवा शाळा अडत असेल तर क्लोनिडिनसारखी औषधेही देतात. त्यांनी टिक कमी होतात, मुळापासून जात नाहीत. बहुतेक मुलांत टिकचा जोर दहा ते बारा वर्षांच्या सुमारास सर्वाधिक असतो आणि पुढे किशोरवयात ओसरत जातो.