मुळांची सावली: वाढलेले केस दडवण्यापासून मिरवण्यापर्यंत

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात आणि रंगवलेल्या केसांची सगळी अडचण तिथूनच सुरू होते. 1907 मध्ये युजेन श्युलर यांनी पॅरिसमध्ये कृत्रिम हेअर डाय तयार केला, तेव्हापासून अनेक दशकं रंग लावला हे कुणाला कळू न देणं हेच कौशल्य मानलं जाई. 1956 च्या अमेरिकेतल्या क्लेरॉलच्या गाजलेल्या जाहिरातीने तर थेट प्रश्नच टाकला होता: हिने केस रंगवलेत की नाही? अशा वेळी मुळाशी दिसणारी मूळ रंगाची पट्टी म्हणजे चोरी उघडी पडणं.

पुढे फॉइलमधल्या हायलाइट्सनी, म्हणजे फॉइलमध्ये गुंडाळून फिक्या केलेल्या बटांनी, ही पट्टी आणखी ठळक केली. फॉइल टाळूला अगदी चिकटून लावतात, त्यामुळे फिका रंग एकाच रेषेत सुरू होतो आणि महिन्या-दीड महिन्यात ती रेष खाली सरकलेली दिसते. 1970 च्या दशकात पॅरिसमध्ये रुजलेल्या बालायाजमध्ये रंग ब्रशने मोकळ्या हाताने ओढत, त्यामुळे सुरुवातच पुसट राहायची. 2010 नंतर मुळाशी गडद आणि टोकांकडे फिके होत जाणाऱ्या ओम्ब्रेची लाट आली आणि गडद मुळं ही फॅशनच ठरली. मुळाशी मुद्दाम गडद सावली देणारा रूट शॅडो आणि एक छटा दुसरीत विरघळवणारं कलर मेल्टिंग यांची जमीन अशी तयार झाली. 2020 मध्ये टाळेबंदीत सलून बंद असताना वाढलेली मुळं सगळ्यांनाच दिसली, आणि या पद्धतींची मागणी वाढायला तेही एक कारण झालं असावं, असं मला वाटतं.

रूट शॅडो हायलाइट्स धुतल्यानंतर, ओलसर केसांवर लावतात. केसांचा गडदपणा लेव्हलमध्ये मोजतात; आकडा जितका मोठा तितका रंग फिका. समजा मूळ केस पाचव्या लेव्हलचे, म्हणजे फिके तपकिरी आहेत आणि हायलाइट्स नवव्या लेव्हलचे. मुळाशी सहाव्या लेव्हलचा डेमी-पर्मनंट, म्हणजे कायमचा न टिकणारा, रंग सौम्य डेव्हलपरमध्ये, म्हणजे रंग खुलवणाऱ्या पेरॉक्साइडच्या द्रावणात, मिसळून लावतात. पुढच्या केसांत तो सेंटीमीटरभर, मागे तीन-चार सेंटीमीटरपर्यंत. खालची कड सरळ ठेवायची नाही. मेल्टिंग हवं असेल तर त्याखाली सातव्या-आठव्या लेव्हलची मधली छटा घेतात आणि दोन्ही रंग एकमेकांत मिसळतील असे बोटांनी ओढतात.

चूक बहुतेक इथेच होते. ब्लीच झालेले केस सच्छिद्र असल्याने रंग पटकन आणि जास्त शोषतात. पाचवी लेव्हल लावली तर ते मूळ केसांहूनही काळपट दिसतात, आणि राखी छटा घेतली तर हिरवट झाक येते. म्हणून एक लेव्हल फिकी आणि थोडी सोनेरी ऊब असलेली छटा बरी. दर दोन मिनिटांनी एक बट पुसून पांढऱ्या टॉवेलवर धरून पाहावी. हवा त्याहून किंचित गडद दिसला की लगेच धुवावं, कारण ओले केस वाळल्यावर फिके दिसतात.

डेमी-पर्मनंट रंग काही आठवड्यांत हळूहळू उतरतो, त्यामुळे सावलीची नवी रेषही उरत नाही. पांढऱ्या केसांवर मात्र ही युक्ती फारशी चालत नाही: तिथे मुळाशी उगवतात ते पांढरे केस, आणि गडद सावलीखालून ते अधिकच उठून दिसतात. तिथे मुळाशी फिके, बारीक हायलाइट्स जास्त कामाचे.