मान खाली घालून वर येणारा वाल

मे महिन्याच्या सुट्टीत माझी सात वर्षांची भाची रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी आली होती. एका सकाळी आजी रात्रभर भिजवलेले कडवे वाल बिरड्यासाठी फडक्यात बांधत असताना तिने त्यांतले सहा दाणे मागून घेतले आणि ते दह्याच्या तीन रिकाम्या कपांत, प्रत्येकात दोन असे पेरले. कपांच्या बुडाला मी तापवलेल्या दाभणाने चार-चार भोके पाडून दिली, कारण भोक नसलेल्या कपात पाणी साचते, दाण्याला हवा मिळत नाही आणि चार दिवसांनी मातीला आंबूस, कुजका वास येऊ लागतो. परसातली तांबडी माती वाळली की तिच्यावर कडक खपली धरते, म्हणून तिच्यात निम्मे कुजलेले शेणखत मिसळले. दाणे बोटाच्या एका पेराएवढे खोल गेले. एक कप समुद्राकडच्या खिडकीच्या कठड्यावर राहिला, दुसरा जुन्या लाकडी पेटीत झाकून ठेवला आणि तिसऱ्याचे काय झाले ते पुढे येईलच.

चौथ्या दिवशी खिडकीतल्या कपातली माती मधोमध फुगली आणि तिला एक बारीक चीर पडली. पाचव्या दिवशी उजाडताच ती कठड्यापाशी जाऊन बसली. चिरेतून काहीतरी फिकट, पांढुरके वर आले होते, पण त्याला ना टोक होते ना पान. सुईत ओवलेल्या दोऱ्याचा फास मातीतून वर यावा तशी ती एक कमान होती, आणि तिची दोन्ही टोके मातीतच होती.

"मामा, मी बी उलटं पेरलं का रे? याची पाठ आधी आली."

प्रश्न योग्य होता, आणि उत्तर द्यायला मला तिला पुन्हा आजीच्या फडक्यापाशी न्यावे लागले. फडक्यातल्या वालांना तोवर चांगले मोड आले होते. आपण उसळीसाठी ज्याला मोड म्हणतो तो खरे तर दाण्याचा कोंब नसून मूळ असते. वालाच्या कडेला जी पांढरी, उंचवटा असलेली रेघ दिसते तिच्या टोकापाशी दाण्यातून आधी हे मूळच बाहेर पडते, आणि दाणा कसाही पडलेला असला तरी ते खालीच वळते. मुळाच्या टोकावरच्या टोपीतील पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात, ते पेशीच्या खालच्या बाजूला जाऊन बसतात आणि त्यावरून मुळाला खाली कोठे आहे ते कळते. त्यामुळे उलट्या पेरलेल्या दाण्याने थोडा वेळ वळण घेण्यात घालवला असता, इतकेच.

कमानीचे कारण मात्र वेगळे आहे. आजीने साल काढून डाळिंबी तिच्या हातावर ठेवली तेव्हा ती दोन जाड डाळींत सहज उघडली. या डाळी म्हणजे रोपाची बीजपत्रे, त्याची पहिल्या आठवड्याची शिदोरी. त्यांच्या मधल्या फटीत दोन इवलीशी घडी केलेली पाने आणि त्यांच्याही मध्ये वाढीचा नाजूक शेंडा असतो. वाल आणि चवळी या कडधान्यांत डाळींच्या खालचा देठ लांबतो आणि त्या जाड डाळींना मातीबाहेर काढतो. तुरीचे तसे नसते. तुरीच्या डाळी जमिनीतच राहतात आणि त्यांच्या वरचा बारीक कोंब तेवढा बाहेर येतो.

आता वालाचा देठ सरळ राहून वाढला असता तर दोन जाड डाळी आणि त्यांतला शेंडा मातीवर धडका देत वर गेले असते. म्हणून देठ डाळींच्या खालोखाल वाकतो, आपल्या वाकलेल्या पाठीने माती फोडतो आणि डाळींना मागून, खाली तोंड केलेल्या स्थितीत ओढत नेतो. अरुंद बांगडीतून हात काढताना आपण बोटे जुळवून ती मागे ओढतो, तसाच हा प्रकार असतो. ओढण्यासाठी खाली पकड मात्र पक्की हवी, आणि ती मुळावरच्या केसांसारख्या तंतूंनी मातीच्या कणांना धरून मिळवलेली असते. मातीवर नुसता टाकलेला दाणा कधी कधी स्वतःलाच वर उचलताना दिसतो तो यामुळेच, कारण मूळ खाली ढकलते आणि वरून दाबायला माती नसते.

ही वाकलेली मान म्हणजे दाण्यात घडी होऊन पडलेला देठ तसाच राहिला, असे मीही पुष्कळ वर्षे समजत होतो. प्रत्यक्षात देठ ती वाक अंधारात सतत राखत असतो. वाकेच्या आतल्या बाजूला ऑक्झिन हे वाढीचे संप्रेरक अधिक साठते आणि तिथल्या पेशींचे लांबणे रोखते, तर बाहेरच्या बाजूच्या पेशी लांबत राहतात. देठ वाढत असताना पेशी एकामागून एक वाकेतून पुढे सरकून सरळ होतात आणि त्यांच्या जागी नव्या पेशी वाकतात. नदीच्या वळणावर पाणी बदलत राहते आणि वळण मात्र तिथेच असते, त्यातलीच ही गोष्ट आहे.

या साऱ्याच्या मागे एक वायू आहे, आणि तो आमच्या माजघरात त्या दिवसांत भरपूर होता. आजीची आंब्याची अढी तिथल्या बिनखिडकीच्या खोलीत खाटेखाली होती. भाताच्या पेंढ्याचा थर, त्यावर कच्चे हापूस, पुन्हा पेंढा, आणि वरून गोणपाट. पिकू लागलेला आंबा इथिलीन हा बिनरंगी वायू सोडतो, तो शेजारच्या आंब्याला पिकवतो, आणि मग तोही इथिलीन सोडू लागतो. गोणपाटाचे काम ती हवा अडवून ठेवण्याचे असते. मातीत दबलेला वालही थोडे इथिलीन तयार करतो, आणि घट्ट मातीतून ते लवकर निसटत नाही. माती जितकी जड तितके इथिलीन जास्त साठते, आणि त्याच्या प्रभावाने देठ कमी लांबतो, अधिक जाड होतो आणि मान अधिक आवळून घेतो. वरचे ओझे किती आहे ते रोपाला अशा रीतीने कळते आणि तेवढ्यापुरते ते बळ धरते.

या परिणामाचा शोध फळांमुळे लागला नाही, हे मला विशेष गमतीचे वाटते. सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या अंधाऱ्या प्रयोगशाळेत वाटाण्याची रोपे आखूड, जाड आणि आडवी वाढत होती, पण बाहेरची स्वच्छ हवा दिली की ती सरळ होत. दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या वायूतून हवेत मिसळलेले इथिलीन हे त्याचे कारण आहे, असे त्याने 1901 मध्ये दाखवून दिले. पिकणारी फळे स्वतःच इथिलीन तयार करतात हे रिचर्ड गेन याने सफरचंदांवरून सिद्ध केले ते पुढे 1934 मध्ये.

म्हणून तिसरा कप आम्ही पेरल्या दिवसापासून अढीतल्या पेंढ्यात, गोणपाटाखाली ठेवला होता. आजीची नापसंती स्पष्ट होती. "माती सांडून आंबे खराब केलेस तर बघ," एवढे बोलून तिने परवानगी दिली. आजी अढी उजेडाशिवाय, हाताने चाचपून आणि वासाने तपासते, त्यामुळे कपावर प्रकाश पडण्याची भीती नव्हती. पेटीतल्या कपाबाबत मात्र भाचीकडून वचन घ्यावे लागले, कारण थोडा वेळ उघडून पाहिले तरी पडलेल्या उजेडाने मान सुटू लागते. देठात फायटोक्रोम नावाचे प्रकाश ओळखणारे रंगद्रव्य असते. उजेड लागताच वाकेच्या आतल्या पेशींची रोखलेली वाढ मोकळी होते, त्या भराभर लांबतात आणि मान उचलली जाते.

खिडकीत हे सारे डोळ्यांसमोर घडले. पाचव्या दिवशी सकाळी तांदळाच्या दाण्याएवढी दिसणारी कमान संध्याकाळी करंगळीच्या नखाएवढी झाली आणि तिची पाठ हिरवट दिसू लागली. सहाव्या दिवशी डाळी बाहेर आल्या, पण एका रोपाच्या डाळींवर सालीची टोपी वाळून घट्ट बसली होती. भाचीने ती ओढून काढायला हात पुढे केला तेव्हा मी तिला थांबवले. टोपीबरोबर डाळी तुटल्या आणि शेंडाही गेला, तर उरलेला देठ काही दिवस हिरवा उभा राहतो, पण त्याला पान फुटत नाही. पावसाने दाबून नंतर वाळलेल्या शेतातही असे मुंडके तुटलेले देठ दिसतात. मातीच्या खपलीखाली डाळी अडकतात, देठ ओढत राहतो आणि मानेपाशी तुटतो. आम्ही टोपीवर दिवसातून तीनदा पाण्याचा थेंब ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी ती आपोआप गळली.

सातव्या दिवशी तिन्ही कप ओसरीवर शेजारी मांडले. खिडकीतली रोपे चार बोटे उंच, हिरवी, मान ताठ, आणि डाळींमधून हृदयाच्या आकाराची पहिली दोन पाने उलगडत असलेली. पेटीतली रोपे वीतभर लांब, पांढुरकी पिवळी, इतकी बारीक की ती कपाच्या काठावर कलली होती, आणि डोके अजून खालीच. अढीतली रोपे दोन बोटांहून उंच नव्हती, पण देठ पेटीतल्या रोपांच्या दुप्पट जाड होता आणि मान जिलबीच्या वेढ्यासारखी आत वळली होती. दोन्ही कप अंधारातच होते, तेव्हा हा फरक अंधाराचा नव्हे. अढी उबदार असते, पण उबेने देठ लांबायला हवा होता, आखूड नव्हे. दोन-दोन रोपांवरून यापुढे काही म्हणता येणार नाही, म्हणून पुढच्या खेपेला प्रत्येक ठिकाणी दहा दाणे पेरायचे आणि अढीऐवजी झाकणाच्या डब्यात पिकलेले केळे ठेवायचे ठरले.

अढीतला कप त्याच दुपारी खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला हाक मारली तेव्हा जिलबीचा वेढा सुटून मान अर्धी वर आली होती आणि पिवळ्या डाळींच्या कडांना हिरवी झाक धरली होती.

"याची मान जाडी आहे ना," ती म्हणाली, "म्हणून याला उठायला वेळ लागतोय."

आजी तोपर्यंत अढीतले पहिले सहा पिकलेले आंबे घेऊन बाहेर आली होती. त्यांतल्या एकाला चिकटलेली माती तिने पदराने पुसली आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिले.