न गेलेल्या गिऱ्हाइकाचा हिशेब

अमळनेरकडे फायबर इंटरनेटच्या जोडण्या देणारे एक ओळखीचे केबलवाले आहेत. परवा कुरकुरत होते, "लोके टिकतस नही, भाऊ." त्यांच्या मते माणूस सरासरी सात महिन्यांत जोडणी तोडतो. सात महिने आले कुठून? बंद पडलेल्या जोडण्यांची यादी काढून त्यांनी प्रत्येकीचे महिने मांडले होते आणि बेरजेला भागलं होतं. भागाकार बरोबर होता, घोळ यादीत होता. जे टिकले ते मुळात त्या यादीत आलेच नव्हते.

हा गैरसमज मोठ्या कंपन्यांच्या चकचकीत सादरीकरणांतही सर्रास दिसतो, म्हणून जरा खोलात जाऊ. समजायला सोपं पडावं म्हणून दहाच काल्पनिक जोडण्या घेतो. धंदा २० महिन्यांचा आहे. पाच जण सोडून गेले, अनुक्रमे २, ३, ६, ९ आणि १४ महिन्यांनी. उरलेले पाच अजून चालू आहेत आणि आजवर त्यांचे ४, ८, १२, १८ आणि २० महिने भरलेत.

फक्त गेलेल्यांची सरासरी येते ६.८ महिने. ती कमी येणारच, कारण २० महिन्यांच्या धंद्यात कुणी तीन वर्षं राहून गेला, असं घडूच शकत नाही. 'बरं, मग सगळ्या दहांची सरासरी काढू' म्हटलं तर येते ९.६. पण त्यात आपण चालू असलेल्या पाचांना आजच घरी पाठवून टाकलं. शिवाय पुढच्या महिन्यात कुणीही आलं-गेलं नाही, तरी ही सरासरी आपोआप १०.१ होते. सेवेत काहीच बदललं नाही आणि आकडा सुधारला! असल्या आकड्यावरून निर्णय घ्यायचा तरी कसा?

चालू गिऱ्हाइकाबद्दल आपल्याला अर्धीच गोष्ट ठाऊक असते. चार महिने झालेला माणूस 'किमान चार महिने टिकला' एवढंच खात्रीने म्हणता येतं. संख्याशास्त्रात अशा नोंदीला सेन्सॉर्ड म्हणतात. ती फेकून द्यायची नाही आणि पुरी झाली असंही मानायचं नाही. तिच्यात जेवढी माहिती आहे तेवढीच वापरायची.

त्यासाठी एकूण आयुष्य विचारायचंच नाही. प्रत्येक टप्प्यावर एकच छोटा प्रश्न करायचा: इथवर पोचलेल्यांपैकी किती जण इथे गेले? दुसऱ्या महिन्याला दहा जण होते, एक गेला, राहिले ९/१०. तिसऱ्याला नऊ होते, एक गेला, म्हणून ९/१० × ८/९ = ०.८. आता चार महिनेवाला. पहिल्या दोन्ही टप्प्यांत तो छेदात होता, आपलं काम त्याने केलं. चारनंतर त्याच्याबद्दल आपण काही बोलू शकत नाही, म्हणून तो छेदातून मुकाट्याने बाहेर पडतो आणि टिकाव मात्र खाली येत नाही. सहाव्याला सात जण उरतात, एक जातो: ०.८ × ६/७, म्हणजे सुमारे ०.६९. आठवाला तसाच बाहेर. नवव्याला पाचातला एक जातो: ०.५५. बारावाला बाहेर. चौदाव्याला तिघांतला एक जातो: ०.३७. हे आकडे कागदावर मांडले की पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी रेघ मिळते. हाच टिकाव-वक्र, सर्व्हायव्हल कर्व्ह. तो निम्म्याखाली चौदाव्या महिन्यात जातो, म्हणून टिकण्याचा मध्यक १४ महिने. कुठे ६.८ आणि कुठे १४!

मला या सगळ्यात सर्वांत आवडतो तो संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडली एफ्रॉन यांनी १९६७ मध्ये दाखवलेला, याच रेघेकडे नेणारा दुसरा रस्ता. इथे थोडं सावकाश वाचा. दहा जणांना प्रत्येकी ०.१ वाटा द्या. गेलेला माणूस आपला वाटा घेऊन जातो आणि रेघ तेवढी उतरते. चालू असलेल्याची पाळी आली की त्याचा वाटा त्याच्याहून जास्त टिकलेल्या सगळ्यांत सारखा वाटून टाकायचा. चार महिनेवाल्याचा ०.१ पुढच्या सात जणांत वाटला की प्रत्येकाकडे ०.११४ होतात. सहाव्या महिन्याला जाणारा तेवढे घेऊन जातो आणि ०.८ मधून ०.११४ वजा केले की तेच ०.६९ येतात. शेवटपर्यंत करून पाहा, प्रत्येक पायरी जुळते. अर्थ असा, की चालू गिऱ्हाइकाचं पुढे काय होईल ते आपण त्याच्याएवढेच टिकलेल्यांच्या अनुभवावरून ठरवतोय, नव्याने आलेल्यांच्या नव्हे.

टप्प्याटप्प्याने गुणत जायची मूळ रीत एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांची, १९५८ची. कॅप्लन समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती टिकतात ते पाहत होते आणि मायर रुग्णांचं आयुष्य. दोघांनी एकाच नियतकालिकाकडे वेगवेगळे लेख पाठवले आणि मग एकत्र लिहायला त्यांना काही वर्षं लागली.

आता आमच्या रेघेचं शेपूट बघा. चौदाव्या महिन्याला एकाच माणसाने ती तब्बल १८ टक्के-अंकांनी खाली आणली, कारण उरले होते तिघेच. तो टिकला असता तर रेघ ०.५५ वरच थांबली असती आणि मध्यक सांगताच आला नसता. म्हणून प्रत्येक टप्प्याला किती जण उरलेत, तो आकडा रेघेखाली छापायचा. तो दोन-चारावर आला की त्यापुढच्या रेघेवर पैसा लावू नये. प्रत्यक्षात दहाऐवजी काही शे जोडण्या लागतात.

भरपूर जोडण्या असल्या की पायऱ्यांची जागाही बोलते. वर्षाचा पॅक देणाऱ्यांकडे बाराव्या महिन्याला हमखास कडा दिसतो. गिऱ्हाईक टिकावं म्हणून आमच्या केबलवाल्यांना कुणीतरी गल्ला ईशान्येला फिरवायला सांगितलं होतं. गल्ला फिरवून बाराव्या महिन्याचा कडा हलत नाही, त्यासाठी अकराव्या महिन्यात फोन करावा लागतो.

खरी डोकेदुखी वेगळीच आहे: गेला म्हणजे काय? खान्देशात पावसाळ्यात हात आखडलेला कापूसवाला दोन महिने रिचार्ज करत नाही आणि माल विकला की पुन्हा करतो. तीस दिवसांत त्याला 'गेला' लिहिलं तर रेघ उगाच कोसळते. नव्वद दिवस थांबायचं ठरवलं तर तो नियम साऱ्या वहीला सारखा लावायला हवा, नाहीतर दोन वर्षांच्या रेघा शेजारी ठेवताच येत नाहीत.

आणि कामासाठी सुरतेला गेलेल्या कुटुंबाचं? सेवेला कंटाळून किती जण सोडतात एवढंच पाहायचं असेल, तर त्यांना निघाल्या दिवशी सेन्सॉर्ड धरता येतं. मात्र ते इथेच राहिले असते तर बाकीच्यांसारखेच वागले असते, हे त्यात गृहीत असतं. जोडणीमागे मिळकत किती, हा प्रश्न असेल तर सुरतवाला सरळ गेलेलाच. बिल थकवून गायब झालेल्यांना मात्र कुठल्याच प्रश्नासाठी सेन्सॉर्ड धरू नये. जे जाणारच होते तेच छेदातून निसटतात, आणि रेघ आहे त्यापेक्षा गोंडस दिसू लागते.