सेव्ह केलेली पोस्ट: टाकणाऱ्याला आकडा दिसतो, नाव नाही

इन्स्टाग्रामवर फोटोखालच्या बुकमार्कच्या खुणेवर बोट टेकवताना अनेकांचा हात क्षणभर थबकतो: ज्याची पोस्ट आहे त्याला कळलं तर? लाइक केलं की त्याला लगेच सूचना जाते, सेव्ह केलं की जात नाही. पण ‘काहीच कळत नाही’ असंही म्हणता येणार नाही.

सेव्ह केल्यावर फोटोची प्रत आपल्या फोनमध्ये उतरत नाही. कंपनीच्या सर्व्हरवर आपल्या खात्यासमोर त्या पोस्टची फक्त एक नोंद होते, ग्रंथालयात पुस्तकाचा क्रमांक वहीत टिपून ठेवावा तशी. पुस्तक असतं कपाटातच. म्हणून मूळ पोस्ट डिलीट झाली की आपल्या सेव्हमधूनही ती जाते, आणि खातं प्रायव्हेट झालं की फॉलो न करणाऱ्याला ती उघडत नाही. खरोखर जपून ठेवायचं असेल, तर सेव्हच्या भरवशावर राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सेव्हची सोय २०१६ च्या डिसेंबरात आली आणि कलेक्शन त्यानंतर काही महिन्यांनी, २०१७ मध्ये. कलेक्शन म्हणजे त्याच नोंदीला लावलेली चिठ्ठी. त्यामुळे अख्खं कलेक्शन काढून टाकलं तरी त्यातल्या पोस्ट सेव्हच्या मुख्य यादीत तशाच राहतात.

आता पोस्ट टाकणाऱ्याच्या बाजूने पाहू. साध्या वैयक्तिक खात्याला सेव्हचे आकडे देणारं पान मिळत नाही. व्यावसायिक किंवा क्रिएटर खात्याला मात्र ‘इनसाइट्स’मध्ये प्रत्येक पोस्ट किती जणांनी सेव्ह केली ते दिसतं. नावं तिथेही नसतात.

पण आकडा छोटा असला की तोच बोलू लागतो. समजा, एका छायाचित्रकाराच्या क्रिएटर खात्यावर जेमतेम बारा फॉलोअर आहेत. रात्री टाकलेल्या फोटोचे सेव्ह शून्य आहेत. तो फोटोची लिंक एकाच मैत्रिणीला पाठवतो आणि अर्ध्या तासाने शून्याचा एक होतो. इन्स्टाग्रामने नाव सांगितलं नाही, तरी त्याने ते जवळपास ओळखलं. जवळपास म्हणायचं कारण, बाकीच्या फॉलोअरांपैकीही कोणी तेवढ्यात सेव्ह केलं असू शकतं. हीच पोस्ट हजारो लोकांसमोर गेली असती, तर चारशेचे चारशे एक झाल्यावरून काहीच उलगडलं नसतं. सेव्ह करणाऱ्याला लपवते ती गर्दी.

नाव उघड होण्याची एक वाट मात्र आपणच उघडतो. मित्रांसोबत मिळून केलेल्या सामायिक कलेक्शनमध्ये पोस्ट टाकली, तर त्यातल्या सगळ्यांना ती दिसते. त्यांच्यात मूळ पोस्ट जिची आहे ती व्यक्तीही असेल, तर तिलाही दिसते.

हे सगळं इन्स्टाग्रामपुरतं. पिंटरेस्टवर रीतच उलटी आहे: बोर्ड मुद्दाम गुप्त ठेवला नाही, तर त्यावर आपण काय सेव्ह केलं ते कोणीही पाहू शकतं.